दहा वर्षांचा मुलगा, डाव्या हाताची एकच फिल्म आणि हाडांची दोन वयं

निंबोणी

माझा मुलगा १० वर्षं २ महिन्यांचा आहे, उंची १२१ सेंमी. पहिलीपासून प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा असतो. यंदा शाळेच्या तपासणीत उंची तक्त्यावरच्या तिसऱ्या टक्क्याच्या रेषेखाली आहे असं लिहून आलं, म्हणून धंतोलीत बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी रक्ताच्या तपासण्या आणि डाव्या हाताचा एक्स-रे सांगितला. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक आलं. एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र एकच ओळ: बोन एज साधारण ७ वर्षं, वयाच्या मानाने मागे.

तीन वर्षं मागे हे वाचून झोप उडाली. नवऱ्याच्या ओळखीच्या दुसऱ्या सेंटरमध्ये तीच फिल्म दाखवली, तर त्यांनी ८ वर्षं लिहून दिलं. हात तोच, फिल्म तीच, मग एका वर्षाचा फरक कसा? त्यातलं ७ खरं असेल तर माझं लेकरू फारच बुटकं राहील का? नवऱ्याची उंची १६३, माझी १५१. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. तोवर कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

संत्रानगरी

ताई, अजिबात घाबरू नका. हाडं मागे आहेत म्हणजे वाढायला अजून जागा आहे. ज्यांची हाडं पुढे गेलेली असतात त्यांची उंची लवकर थांबते. दुसरं म्हणजे हे ज्या पुस्तकाशी ताडून बघतात ते अमेरिकन मुलांचं आहे. आपल्या मुलांचं वय त्यात दोन वर्षं मागेच येणार. रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून द्या आणि दूध-अंडी वाढवा.

फिरकीपटू

आमच्या पुतण्याचाही असाच मनगटाचा एक्स-रे काढला होता, १६ वर्षांखालच्या निवडीच्या वेळी. तुमचा मुलगा कोणत्या क्लबकडून खेळतो? जन्मदाखला पक्का असेल तर अपील करता येतं का ते विचारा. आणि ७ आलं असेल तर फायदाच आहे की, खालच्या गटात खेळता येईल.

निंबोणी

@फिरकीपटू दादा, तो खेळासाठी नाही हो. वयाबद्दल शंका नाही, जन्म नागपुरातलाच, दाखला आहे. उंचीसाठी काढलाय.

जुना एक्सरेवाला

मी पस्तीसेक वर्षं एक्स-रे काढले, आता घरी आहो. रिपोर्टवर भांडण्याआधी फिल्म कशी निघाली ते पाहा बाप्पा. डावा हात घेतात कारण बहुतेक लोकं उजव्या हातानं काम करते, मार लागला असन तं उजव्यालाच जास्त, आणि पुस्तकातल्या फिल्मापण डाव्याच हाताच्या आहेत. तळवा खाली, पूर्ण टेकलेला पाहिजे. बोटं जराशी फाकवून, अंगठा बाजूला तिरपा. किरणाचा मधला बिंदू मधल्या बोटाच्या मुठीच्या गाठीवर. आणि मनगटाच्या वर हाताची दोन्ही हाडं दोन-तीन सेंटीमीटर तरी दिसली पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी फक्त पंजा घेऊन टाकते, मनगट काठावर कापलं जाते. मग वाचणाऱ्याजवळ अर्धाच माल उरते.

लहान पोट्टं हात उचलते, तळवा तिरपा होते, मनगटातली हाडं एकमेकांवर चढून दिसते. मनगटाले काळा दोरा बांधला असन तं तो पण काढा लागते. आणखी एक, फॉर्मवर मुलगा की मुलगी लिहिलं आहे का ते पाहा. किरण, शीतल अशी नावं असली की घोळ होते. पोरींची हाडं पोरांपेक्षा आधी पिकते. मुलींच्या पानांशी जुळवलं तं मुलाचं वय आणखी कमी निघन.

वैनगंगा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांच्या फिल्म रोज बघते. निंबोणी, शक्य असेल तर फिल्मचा स्पष्ट फोटो टाका. नाव, नंबर आणि सेंटरचं नाव झाकून टाका. काकांनी फिल्मबद्दल सांगितलं ते अगदी बरोबर आहे, त्यात मी भर घालत नाही.

तोवर तुलना कशी होते ते सांगते, कारण ७ आणि ८ मधला फरक तिथूनच येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ग्रॉयलिक आणि पाइल यांचा अॅटलस वापरतात. पहिली आवृत्ती १९५०ची, आम्ही अजूनही १९५९ची दुसरी वापरतो. त्यातल्या फिल्म अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातल्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांच्या आहेत आणि १९३०च्या दशकापासून ४०च्या सुरुवातीपर्यंत काढलेल्या आहेत. मुलांची पानं वेगळी, मुलींची वेगळी. एका वयाच्या अनेक मुलांच्या फिल्म क्रमाने लावून त्यातली मधली, प्रातिनिधिक फिल्म निवडली आणि तीच त्या वयाचं पान झाली.

वाचणारा आधी मुलाच्या खऱ्या वयाच्या जवळचं पान उघडतो, मग त्याच्या आधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवून बघतो. आता महत्त्वाची गोष्ट. या वयात मुलग्यांची पानं वर्षावर्षाने आहेत: ७, ८, ९, १०. मधे साडेसातचं पान नाही. फिल्म ७ आणि ८ यांच्या मधली असेल तर एक जण मागचं पान निवडतो, दुसरा पुढचं. तिसरा मधलं वय लिहितो, पण ते त्याने अंदाजाने काढलेलं असतं. त्याच डॉक्टरांनी महिन्याभराने तीच फिल्म वाचली तरी अर्ध्या वर्षाचा फरक पडू शकतो.

संत्रानगरी

म्हणजे मी म्हणालो तेच ना? १९३०च्या क्लीव्हलंडशी आपल्या नागपूरच्या मुलाची तुलना करून काय मिळणार?

वैनगंगा

मानकं जुनी आणि दुसऱ्या समाजातली आहेत, ही मर्यादा खरी आहे आणि ती आम्ही डोक्यात ठेवतोच. पण आपली सगळीच मुलं दोन वर्षं मागे येतात हे बरोबर नाही. नीट पोसलेली, निरोगी मुलं इथेही त्या पानांच्या आसपासच येतात. काही मुलं, विशेषतः वजन जास्त असलेली, पुढेही येतात. रोज येणाऱ्या फिल्म पाहून मी हे सांगते आहे. मागे येण्यामागे काही आजारही असू शकतात, म्हणून रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरू नये.

दहाच्या आसपास निरोगी मुलग्यांमध्येच एक प्रमाण विचलन साधारण ११ महिन्यांचं धरतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे पावणेदोन-दोन वर्षांपर्यंत मागेपुढे असेल तर ते नेहमीच्या मर्यादेत. तुमच्या मुलाचं ८ धरलं तर तो २६ महिने मागे आहे, रेषेच्या थोडा पलीकडे. ७ धरलं तर ३८ महिने, बराच पलीकडे. दोन्ही रिपोर्टांप्रमाणे हाडं मागेच आहेत. वाद किती मागे याचा आहे.

निंबोणी

फोटो टाकलाय, नाव झाकून. मनगटाच्या वरचा भाग दिसतोय काका, आणि फॉर्मवर मुलगा असंच लिहिलंय. ताई, तुम्हाला काय दिसतं?

जुना एक्सरेवाला

फिल्म चांगली निघाली. अंगठा जरा आत आहे, पण चालते.

वैनगंगा

फोटोवरून मी रिपोर्ट देत नाही, पण काय बघायचं ते याच फिल्मवर दाखवता येईल.

बोटांच्या प्रत्येक हाडाच्या बुंध्याशी एक चपटा, वेगळा तुकडा दिसतो आहे आणि मधे काळी फट. ती फट म्हणजे वाढीची पट्टी. एक्स-रेत कूर्चा दिसत नाही म्हणून ती काळी येते. मूल वाढतं तसा तो चपटा तुकडा रुंद होत जातो. आधी दांड्यापेक्षा अरुंद असतो, मग दांड्याइतका होतो, पुढे वयात येताना त्याच्या कडा दांड्यावर टोपीसारख्या वाकतात आणि शेवटी तो दांड्याला जुळून जातो. तुमच्या मुलाच्या मधल्या बोटांत तो जवळजवळ दांड्याच्या रुंदीचा झाला आहे, कडा कुठेच वाकलेल्या नाहीत. मनगटाजवळ करंगळीच्या बाजूला जे हाड आहे, त्याच्या टोकाचा तुकडाही आलेला आहे. मुलग्यांत तो साधारण सातच्या सुमारास दिसायला लागतो आणि इथे तो नुकता आलेला वाटत नाही, थोडा पसरलेला आहे. ही सगळी लक्षणं ८च्या पानाशी जुळतात.

आता मनगटातली छोटी गोल हाडं बघा. ती सगळी आलेली आहेत, पिसिफॉर्म सोडून, आणि ते या वयात न दिसणं चालतं. पण अंगठ्याच्या बाजूची हाडं लहान आहेत, त्यांच्या मधे मोकळी जागा बरीच आहे. फक्त मनगट बघितलं तर पान सातचं, कदाचित त्याहूनही थोडं मागचं. माझा अंदाज असा की पहिल्या रिपोर्टवाल्यांनी मनगटाला जास्त वजन दिलं आणि दुसऱ्यांनी बोटांना.

या वयात मी बोटांना जास्त वजन देते. मनगटातली हाडं एका मुलापासून दुसऱ्या मुलात फार वेगवेगळ्या वेळी वाढतात, आणि हात जरा तिरपा झाला तरी त्यांचा आकार बदलून दिसतो. मनगटही मोजणारे चांगले रेडिओलॉजिस्ट आहेत. पण मनगट आणि बोटं यांच्यात फरक दिसला तर तो रिपोर्टमध्ये लिहायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. एका ओळीत नुसतं ७ लिहिलं की आईच्या हातात भीतीशिवाय काही पडत नाही.

फिरकीपटू

मग पुतण्याच्या वेळी असा घोळ नाही होणार का? तिथेही कुणी पानं बघूनच ठरवत असेल.

वैनगंगा

क्रिकेटमध्ये टॅनर-व्हाइटहाउसची तिसरी पद्धत वापरतात, टीडब्ल्यू-३ म्हणतात तिला. तीत संपूर्ण हात एकदम जुळवत नाहीत. ठरलेली १३ हाडं एकेक करून बघायची, प्रत्येकाची अवस्था अक्षराने ठरवायची, त्या अवस्थेचे गुण मांडायचे आणि बेरजेवरून वय काढायचं. मनगटातली ती गोल हाडं या १३मध्ये येतच नाहीत. वेळ जास्त लागतो, पण अर्ध्या पानाचा प्रश्न राहत नाही. तरी हे हाडांचं वय आहे, जन्माचं नाही. म्हणून तर सुप्रीम कोर्टानेही १९८२च्या एका निकालात एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन वर्षं इकडेतिकडे धरायला सांगितलं आहे.

मृण्मयी ग

आमचा अनुभव सांगते. माझी मुलगी ९ वर्षांची असताना तिचं हाडांचं वय ५च्या आसपास आलं होतं. आम्हाला सगळे म्हणायचे, उशिरा वाढेल, वाढायला जागा आहे. पण आदल्या वर्षात तिची उंची जेमतेम २ सेंमी वाढली होती. बद्धकोष्ठ, सतत थंडी वाजणं, वजन वाढणं चालूच होतं. शेवटी टीएसएच खूप जास्त निघालं. गोळी सुरू केल्यावर उंची वाढायला लागली, पण गेलेलं सगळं भरून आलं नाही. म्हणून हाडं मागे म्हणजे चांगलंच, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ताई, मुलाची मागच्या वर्षांची उंची कुठे लिहिलेली आहे का?

संत्रानगरी

त्यांचं थायरॉइड ठीक आलंय की. उगाच का घाबरवता?

मृण्मयी ग

घाबरवत नाही. उंचीचे जुने आकडे विचारते आहे. आमच्याकडे ते कुणी विचारलेच नव्हते.

निंबोणी

लसीकरणाच्या कार्डावर आणि शाळेच्या वहीत सापडले. दोन वर्षांपूर्वी ११२, गेल्या वर्षी ११६.५, आता १२१. आणखी एक गोष्ट सासूबाईंनी सांगितली. माझा नवरा दहावीपर्यंत वर्गात सगळ्यांत लहान दिसायचा. बारावीनंतर एकदम वाढला, मिशीही कॉलेजात गेल्यावरच फुटली.

वैनगंगा

मृण्मयीताईंनी नेमकं विचारलं. एका फिल्मपेक्षा हे तीन आकडे जास्त बोलतात. वर्षाला ४.५ सेंमी म्हणजे फार नाही, पण वाढ थांबलेली नाही. वयात येण्याआधी वर्षाला ४च्या खाली गेलं तर आम्ही नीट शोधायला लागतो. वडिलांचा इतिहास उशिरा वाढणाऱ्या घराण्याचा आहे. हाडं मागे, वाढ संथ पण चालू, वडील उशिरा वाढलेले, ही जुळणी पुष्कळदा घरातल्या उशिरा वाढीची असते. पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. वयात येण्याची सुरुवात झाली आहे का ते त्यांना तपासून बघावं लागेल. सीलिअॅकची रक्ततपासणी झाली नसेल तर तीही विचारा. गव्हाने आतड्याला त्रास होणारी मुलं कधी कधी फक्त उंचीच्या तक्रारीनेच येतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. ७ खरं असेल तर तो बुटका राहील का? हिशेब करून दाखवते, म्हणजे भीती कुठे चुकते आहे ते कळेल.

अंतिम उंचीच्या अंदाजासाठी बेली आणि पिनो यांचे १९५२चे तक्ते आहेत. हाडांच्या अमुक वयाला मुलाची किती टक्के उंची झालेली असते, ते त्यात आहे. हाडं वर्षापेक्षा जास्त मागे असलेल्या मुलग्यांचा तक्ता वेगळा आहे. त्यात हाडांचं वय ८ असताना साधारण ७५.६ टक्के उंची झालेली धरतात, ७ असताना ७१.८ टक्के.

८ धरलं: १२१ भागिले ०.७५६, म्हणजे १६० सेंमी.
७ धरलं: १२१ भागिले ०.७१८, म्हणजे १६८.५ सेंमी.

ज्या रिपोर्टने तुमची झोप उडवली, तोच जास्त उंची सांगतो. हाडं जितकी मागे, तितकी उरलेली वाढ जास्त, असं गणित आहे ते. आईवडिलांच्या उंचीवरून बघितलं तर १६३ अधिक १५१ अधिक १३, भागिले २, म्हणजे १६३.५. हा आकडा दोन्हींच्या मधे पडतो.

संत्रानगरी

बघा, शेवटी माझंच खरं निघालं. १६८ होणार.

वैनगंगा

नाही, तसं नाही. एकाच फिल्मच्या वाचनात एका वर्षाचा फरक पडला आणि अंदाज साडेआठ सेंमी हलला. जो अंदाज इतका हलतो त्यावर मुलाला आकडा सांगू नये. आणि यात दुसरा एक सापळा आहे. हाडं मागे असलेल्यांच्या तक्त्याऐवजी चुकून सर्वसाधारण मुलांचा तक्ता घेतला तर ८ वयालाही ७२.३ टक्केच धरले जातात आणि १६७ येतात. कुठल्याशा संकेतस्थळावर आकडे टाकून उंची काढणाऱ्यांचं असं होतं, तक्ता कोणता लागला ते तिथे कळत नाही.

सगळ्यांत मोठी अट म्हणजे हे तक्ते निरोगी मुलांवरून बनवले आहेत. मृण्मयीताईंच्या मुलीसारखा आजार असेल तर उरलेली वाढ आपोआप मिळत नाही, तो आजार बरा केल्यावरच मिळते, आणि तीही पूर्ण मिळेलच असं नाही. म्हणून आधी कारण, मग अंदाज.

फिरकीपटू

ताई, एक शंका. एवढ्या लहान मुलाला परत परत एक्स-रे म्हणजे किरणांचा त्रास होईल ना? पुतण्याच्या आईने त्यासाठी फार वाद घातला होता.

जुना एक्सरेवाला

हाताची फिल्म म्हणजे फारच थोडे किरण, छातीच्या फिल्मपेक्षाही कमी. शरीराच्या आतले नाजूक अवयव त्यात येतच नाही. तरी कारण नसताना काढू नये, हे आम्ही पण सांगत असू.

वैनगंगा

अगदी. एका फिल्मचे किरण एका दिवसात निसर्गातून आपोआप अंगावर येतात त्याहूनही कमी असतात. त्यामुळे फिल्मची भीती नको, पण दर तीन महिन्यांनी काढून काही हाती लागत नाही. हाडांचं वय तेवढ्यात वाचनातल्या चुकीपेक्षा जास्त पुढे सरकतच नाही.

निंबोणी

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी फिल्म स्वतः अॅटलसशी लावून बघितली, बोटं आठची आणि मनगट मागे, असंच म्हणाले. रिपोर्टमध्ये त्यांच्या हाताने ७ वर्षं ६ महिने ते ८ वर्षं असं लिहिलं. वयात येण्याची सुरुवात झालेली नाही. सीलिअॅकची तपासणी आज दिली आहे, निकाल यायचा आहे. उशिरा वाढीची शक्यता जास्त वाटते म्हणाले, पण ४.५ हा आकडा त्यांना पूर्ण समाधानकारक वाटत नाही. सहा महिन्यांनी उंची परत मोजायची. दोनपेक्षा कमी भरली तर वाढीच्या हार्मोनची तपासणी. उंचीचा अंदाज विचारला तेव्हा त्यांनी आकडा द्यायला नकार दिला.

मृण्मयीताई, तुम्ही जुने आकडे विचारले म्हणून ते कार्ड घेऊन गेले. त्यांनी सगळ्यात आधी तेच बघितलं. वैनगंगाताई आणि काका, तुमचे खूप आभार.

मृण्मयी ग

सहा महिन्यांनी मोजताना सकाळी, बूट काढून, त्याच ठिकाणी मोजा. संध्याकाळी उंची थोडी कमी भरते. निकाल आला की इथे लिहा.

जुना एक्सरेवाला

आणि ही फिल्म जपून ठेवा, सीडी दिली असन तं ती पण. वर्षानं दुसरी काढली की दोन्ही सोबत घेऊन एकाच डॉक्टरले वाचायला द्या. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी वाचलं तं पोरगा एका वर्षात दोन वर्षं वाढला की अजिबात नाही, काही समजत नाही.

संत्रानगरी

दूध-अंडी तरी चालू ठेवा हो.